नाव बदललं म्हणून फोटो बदलत नाही: एचईआयसी फाइल अपलोडला का अडते आणि तिची जेपेग कशी करायची

मे 2020 मध्ये करोनामुळे अमेरिकेतल्या शाळा बंद होत्या आणि कॉलेज बोर्ड ही संस्था तिच्या एपी परीक्षा घरबसल्या घेत होती. अकरावी-बारावीच्या वयाची मुलं या परीक्षा देतात. चांगले गुण मिळाले तर पुढे कॉलेजात त्या विषयाचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे वर्षभराची मेहनत त्यात असते. बऱ्याच विषयांत मुलांनी उत्तर कागदावर लिहायचं, फोनने फोटो काढायचा आणि पाच मिनिटांत तो पोर्टलवर चढवायचा, अशी पद्धत होती. पोर्टल फोटोसाठी `.jpg`, `.jpeg` आणि `.png` एवढंच घेत होतं.

काही मुलांनी आयफोनने फोटो काढला, एअरड्रॉपने लॅपटॉपवर घेतला आणि तिथून चढवायला गेली. फाइलच्या शेवटी `.heic` होतं. घड्याळ चालू होतं, म्हणून काहींनी फाइलचं नाव बदलून `.png` केलं. पोर्टलने नाव पाहून फाइल आत घेतली, पण पुढे गाडी सरकलीच नाही आणि वेळ संपली. पेपर पूर्ण लिहून झालेला असूनही त्यांना जूनमध्ये पुन्हा परीक्षा द्यावी लागली. आयफोनची सेटिंग बदलून घ्या अशी सूचना संस्थेने ट्विटरवर दिली होती, पण ती सगळ्यांपर्यंत पोचली नव्हती. दुसऱ्या आठवड्यापासून ईमेलने उत्तर पाठवायची सोय झाली. पहिल्या आठवड्यातल्या मुलांना तिचा उपयोग झाला नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली, कारण माझ्या दुकानात दर प्रवेशाच्या हंगामात नेमकं हेच घडताना दिसतं. मी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं काम करतो. परवा एक मुलगी आली. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. मार्कशीटचा फोटो तिने घरीच आयफोनवर काढून केबलने लॅपटॉपवर घेतला होता आणि पेन ड्राइव्हवर आणला होता. "काका, कालच दाखल्याचा फोटो फोनवरून गेला, आज मार्कशीट का जात नाही? फोन तोच आहे," असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर समजलं की बाकीचं सगळं सोपं होतं.

आधी एचईआयसी म्हणजे काय ते पाहू. आपल्या ओळखीची जेपेग 1992 सालची आहे. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन करते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक, डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील कमी करून जागा वाचवते. ही पद्धत जुनी असली तरी जगातला प्रत्येक संगणक, प्रत्येक ब्राउझर आणि प्रत्येक सर्व्हर ती वाचू शकतो. 2013 मध्ये व्हिडिओसाठी एचईव्हीसी नावाची दाबण्याची नवी रीत आली. तिला एच.265 असंही म्हणतात. शेजारचा भाग पाहून पुढचा भाग कसा असेल याचा ती अंदाज बांधते आणि अंदाज जिथे चुकतो तेवढाच फरक लिहून ठेवते. हीच रीत एका स्थिर चित्रासाठी वापरली आणि ते चित्र एका ठरावीक डब्यात भरलं की एचईआयसी फाइल तयार होते. ॲपलने 2017 च्या सप्टेंबरमध्ये आयओएस 11 सोबत ती आणली आणि आयफोन 7 पासून पुढच्या फोनांत कॅमेऱ्याचा नेहमीचा प्रकार तोच झाला. अँड्रॉइडमध्ये 2018 च्या नवव्या आवृत्तीपासून हा प्रकार वाचण्याची सोय आली. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांतही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तो निवडता येतो.

डबा हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. बारा मेगापिक्सेलचा आयफोनचा फोटो 4032 बाय 3024 ठिपक्यांचा असतो. एचईआयसीमध्ये तो बहुधा सलग एक चित्र म्हणून ठेवलेला नसतो. त्याच्या 512 बाय 512 च्या फरश्या केलेल्या असतात, आडव्या आठ आणि उभ्या सहा, म्हणजे एकूण 48. सोबत एक छोटं पूर्वदर्शनाचं चित्र असतं, फोटो किती फिरवून दाखवायचा याची नोंद असते, पोर्ट्रेट असेल तर कुठला भाग कॅमेऱ्यापासून किती लांब आहे याचा नकाशाही असतो. उघडणाऱ्याला हा डबा उघडायचा कसा, फरश्या कशा जोडायच्या आणि आतली एचईव्हीसीची दाबणी कशी सोडवायची, हे तिन्ही यावं लागतं. जे सॉफ्टवेअर फक्त जेपेग आणि पीएनजी ओळखतं, त्याच्या लेखी ही फाइल फोटोच नसते.

मग आठ-नऊ वर्षांत सगळ्यांनी ही सोय का करून घेतली नाही? मोठं कारण पेटंटचं आहे. एचईव्हीसीवर अनेक कंपन्यांचे हक्क आहेत आणि ते वापरायचं तर परवान्याचे पैसे द्यावे लागतात, तेही एका ठिकाणी नाही. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी वेबपानावर एचईआयसी दाखवायची सोय घेतली नाही. ॲपलच्या सफारीत ती सतराव्या आवृत्तीपासून आहे. विंडोजमध्ये तर काम दोन तुकड्यांत विभागलं आहे. डबा उघडणारा `HEIF Image Extensions` हा भाग फुकट मिळतो, पण आतली दाबणी सोडवणारा `HEVC Video Extensions` स्टोअरमधून थोडे पैसे देऊन घ्यावा लागतो. काही लॅपटॉपांत तो आधीच बसवलेला असतो. म्हणून एका लॅपटॉपवर फोटो उघडतो आणि शेजारच्यावर उघडत नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. कालचा फोटो गेला, आजचा नाही, आणि फोन तोच. फरक फोटोत नव्हता, वाटेत होता.

आयफोनला हे माहीत आहे की बाहेरच्या जगाला एचईआयसी चालत नाही. म्हणून काही वाटांवर तो न सांगता स्वतःच जेपेग करून देतो. फोनवरच सफारीत फॉर्म उघडला, फाइल निवडायचं बटण दाबलं आणि `Photo Library` मधून फोटो उचलला, की वेबसाइटच्या हातात साधारणपणे जेपेगच पडते. काल तिने दाखला असाच दिला होता. त्याच बटणाखाली `Choose File` हाही पर्याय येतो. तो फाइल्स ॲपमध्ये नेतो आणि तिथे ठेवलेली `.heic` फाइल जशीच्या तशी पुढे जाते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर जेपेग होते, तीही बरीच आकसलेली. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर एचईआयसी तशीच राहते. एअरड्रॉपने मॅकवर गेला तर मूळ फाइल जाते.

केबलची वाट तर एका सेटिंगवर ठरते. आयफोनच्या सेटिंगमध्ये फोटोंच्या पानावर अगदी तळाला `Transfer to Mac or PC` असतं. तिथे `Automatic` असेल तर फोन विंडोजला देता देता जेपेग करून देतो आणि `Keep Originals` असेल तर मूळ `.HEIC` देतो. यात एक गोची आहे. शेकडो फोटो एकदम घेताना हे जाता जाता रूपांतर अधूनमधून बिघडतं आणि विंडोजवर `A device attached to the system is not functioning` असा संदेश येतो. लोकांना वाटतं केबल खराब झाली, म्हणून नवी केबल घेतात. खरा उपाय `Keep Originals` हा असतो. त्या मुलीच्या भावाने महिन्यापूर्वी याच अडचणीमुळे ती सेटिंग बदलली होती. तेव्हापासून लॅपटॉपवर येणारा तिचा प्रत्येक फोटो एचईआयसी होता.

आता पलीकडच्या बाजूला, म्हणजे पोर्टलच्या दारात काय होतं ते बघा. पहिली तपासणी नावाच्या शेपटीची होते. तिथे `.heic` दिसलं की `Invalid file type` असं उत्तर येतं. हा सगळ्यात बरा प्रकार, कारण निदान लगेच कळतं. काही पोर्टलं शेपटी बघतच नाहीत किंवा नाव बदलून आपण तिला चकवतो. मग फाइल आत जाते आणि सर्व्हर ती उघडून लहान करायला घेतो. तिथे उघडता येत नाही. अशा वेळी चक्र फिरत राहतं, किंवा `Upload failed` एवढंच येतं, किंवा 'यशस्वी' असं लिहून येतं आणि फोटोच्या जागी तुटलेल्या चित्राचं चिन्ह दिसतं. या शेवटच्या प्रकाराची मला सर्वात जास्त काळजी वाटते. मुलं 'यशस्वी' वाचून फॉर्म बंद करतात आणि कागद दिसत नाही म्हणून अर्ज पुढे कुठेतरी अडतो. म्हणून चढवून झाल्यावर पूर्वदर्शन उघडून आपला कागद प्रत्यक्ष दिसतो की नाही, हे बघितल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका.

नाव बदलणं का चालत नाही, हे तुम्ही घरी पडताळून बघू शकता. विंडोजवर अशा फाइलची एक प्रत काढा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. पडद्यावर अगम्य चिन्हांचा ढीग येईल, पण पहिल्याच ओळीच्या सुरुवातीला बहुतेक वेळा ही अक्षरं वाचता येतील:

```
ftypheic
```

कधी `heic` च्या जागी `mif1` असतं. फाइलचं नाव `marksheet.png` असो की `marksheet.jpg`, ही अक्षरं तिथेच राहतात. खऱ्या जेपेगमध्ये ती नसतात. तिचे पहिले तीन बाइट `FF D8 FF` असे असतात आणि नोटपॅडमध्ये सुरुवातीलाच बहुधा `JFIF` किंवा `Exif` हे शब्द दिसतात. सर्व्हर फाइल ओळखतो ते या सुरुवातीच्या खुणेवरून. नाव म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. बघून झालं की नोटपॅड बंद करा आणि सेव्ह करायचं विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर फाइल कायमची बिघडेल.

मॅक किंवा लिनक्सवर याहून सोपं आहे. टर्मिनलमध्ये

```
file marksheet.png
```

असं लिहिलं की आत खरं काय आहे ते छापून येतं. नावात पीएनजी आणि उत्तरात `HEIF` दिसलं, तर फाइलचं फक्त नाव बदललं आहे.

तर, रूपांतर. सगळे मार्ग सांगत बसत नाही, जे मी रोज वापरतो तेच सांगतो.

फोन हाताशी असेल तर कुठलंही नवं ॲप लागत नाही. आयओएस 16 किंवा पुढची आवृत्ती असलेल्या आयफोनवर फोटो उघडा, शेअरचं बटण दाबा आणि `Save to Files` निवडून तो फाइल्स ॲपमध्ये ठेवा. मग फाइल्स ॲपमध्ये त्या फोटोवर बोट दाबून धरा. जी यादी उघडेल तिच्यात `Quick Actions` आणि त्यात `Convert Image` आहे. प्रकार विचारला की `JPEG` निवडा. त्याच ठिकाणी आकारही विचारला जातो, तो कसा निवडायचा ते पुढे सांगतो. नवी जेपेग शेजारीच तयार होते आणि मूळ फोटो तसाच राहतो. आता फॉर्ममध्ये `Choose File` मधून ही नवी फाइल उचलायची. दोन्ही फाइलींचं नाव सारखंच दिसतं, त्यामुळे चुकून जुनीच उचलली जाते. नव्या फाइलला लगेच वेगळं नाव द्या.

विंडोजवर फोटो उघडत असेल तर तो पेंटमध्ये उघडा, `File` मधून `Save as` आणि तिथे `JPEG picture` निवडा. फोटो उघडतच नसेल तर वर सांगितलेले ते दोन भाग नाहीत असं समजा. अशा वेळी लॅपटॉपशी झटापट करण्यात वेळ घालवू नका, फोनवर परत जाऊन वरच्या रीतीने जेपेग करा. मॅकवर प्रिव्ह्यूमध्ये फोटो उघडून `File` मधल्या `Export` ने जेपेग होते. एकदम पन्नास-शंभर फोटो असतील तर टर्मिनल बरं. फोटोंच्या फोल्डरमध्ये जाऊन हे लिहायचं:

```
mkdir jpg
sips -s format jpeg *.HEIC --out jpg
```

`sips` हे मॅकमध्ये आधीपासूनच असतं. मूळ फोटोंना हात न लावता ते `jpg` या फोल्डरमध्ये नव्या फाइली ठेवतं. फाइलींची शेपटी लहान लिपीत `.heic` अशी असेल तर आज्ञेतही तशीच लिहा.

इंटरनेटवर 'एचईआयसीची जेपेग करा' म्हणणारी कितीतरी पानं आहेत आणि बरीचशी कामही नीट करतात. पण तिथे फाइल सहसा दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. आधार कार्ड, मार्कशीट, बँकेचं पासबुक, सही यांचे फोटो मी तिथे कधीही चढवत नाही आणि तुम्हीही चढवू नका. शिवाय फोनने काढलेल्या फोटोत तो कुठे काढला त्या जागेची नोंदही बहुतेक वेळा असते. फोनवरच दोन मिनिटांत होणाऱ्या कामासाठी घरचा पत्ता परक्याच्या हातात देण्याची गरज नाही.

जेपेग झाली म्हणजे काम संपलं असं मात्र नाही. इथे बहुतेक लोक दुसऱ्यांदा अडकतात. एचईआयसीचा फायदाच हा की ती कमी जागा घेते, जेपेगच्या साधारण निम्मी. म्हणजे रूपांतर केलं की फाइल फुगते. त्या मुलीची मार्कशीट एचईआयसीमध्ये 1.6 एमबी होती, जेपेग झाल्यावर 3.1 एमबी झाली. फॉर्मची मर्यादा होती 500 केबी. पोर्टलने पुन्हा नकार दिला आणि तिला वाटलं, रूपांतर जमलंच नाही. संदेश नीट वाचला तर तो वेगळा होता. आधी प्रकार चुकीचा म्हटलं होतं, आता आकार मोठा म्हटलं होतं.

इथे दर्जा कमी करण्याआधी ठिपके कमी करावेत, हे माझं अनुभवाचं मत आहे. दर्जा खूप खाली नेला की आठ बाय आठचे चौकोन दिसायला लागतात आणि मार्कशीटवरचे आकडे चिरडतात. तीन आणि आठ यांत फरक कळेनासा होतो. ठिपके कमी केले तर अक्षरं लहान होतात, पण स्वच्छ राहतात. आधी मी कागदाभोवतीचा टेबलाचा भाग कापून टाकला, कारण लाकडाच्या रेषाही जागा खातात. मग पेंटमध्ये `Resize` मधून `Pixels` निवडून उंची 1600 केली, रुंदी आपोआप त्या प्रमाणात आली. सेव्ह केल्यावर फाइल 410 केबी झाली. 100 टक्क्यांवर मोठी करून बघितली तर विषयवार गुण, बैठक क्रमांक आणि शिक्क्यातली अक्षरंही वाचता येत होती. फोनवर करायचं असेल तर `Convert Image` मध्ये आकार विचारतो तिथे `Large` घेऊन बघा. तयार झालेली फाइल उघडून सगळ्यात बारीक ओळ वाचता येते का तेवढं पाहायचं.

घाईत सुचणारा आणखी एक मार्ग म्हणजे स्क्रीनशॉट. आयफोनवर तो साधारणपणे पीएनजी होतो आणि बहुतेक पोर्टलांना चालतो. पण त्यात पडद्यावर जेवढं दिसतं तेवढंच येतं, वर बॅटरी आणि घड्याळाची पट्टीही येऊ शकते. ओळखपत्राच्या फोटोला एकवेळ भागेल, मार्कशीटला नको. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फोटो पाठवून तो परत घेण्याचंही तसंच. प्रकार बदलतो, पण तुम्हाला न विचारता फोटो आकसतो.

फॉर्मचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच बंदोबस्त करायचा असेल तर `Settings > Camera > Formats` मध्ये जाऊन `Most Compatible` निवडा. सॅमसंगमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `High efficiency pictures` असं काहीसं बटण असतं, ते बंद करा. त्यानंतर काढलेला प्रत्येक फोटो जेपेग असेल. आधी काढलेल्या फोटोंवर मात्र याचा काहीही परिणाम होत नाही. ते एचईआयसीच राहतात आणि त्यांना वरचाच उपाय करावा लागतो. जेपेगला जागा जास्त लागते, म्हणून फोन भरत आला असेल तर फॉर्म संपल्यावर सेटिंग पुन्हा `High Efficiency` वर नेलेली बरी. घरच्या फोटोंसाठी एचईआयसी उत्तम आहे आणि सणासमारंभाचे हजारो फोटो निम्म्या जागेत मावतात. मूळ एचईआयसी फाइली जेपेग करून पुसून टाकू नका. रूपांतरात थोडा तपशील जातोच आणि तो परत आणता येत नाही.

त्या मुलीचा फॉर्म संध्याकाळी सव्वासहाला गेला. पूर्वदर्शनात मार्कशीट आडवी दिसत होती, म्हणून ती पेंटमध्ये फिरवून पुन्हा चढवावी लागली. फोटो किती फिरवायचा याची नोंद काही सॉफ्टवेअर रूपांतर करताना नुसती पुढे लिहून देतात आणि काही पोर्टलं ती वाचत नाहीत. पेंटमध्ये फिरवून सेव्ह केलं की ठिपकेच फिरतात, मग नोंदीची गरज उरत नाही. दुसऱ्यांदा पूर्वदर्शन उघडलं तेव्हा कागद सरळ होता, नाव वाचता येत होतं, आणि तिने सबमिटचं बटण दाबलं.